प्रतिसाद: खोल्या लहान करून बजेट बसत नाही

"एस्टिमेट बजेटच्या १० टक्के वर गेलंय, मग आर्किटेक्ट क्लायंटला लिहिलेल्या पत्रात सरळ एरिया १० टक्के कमी करू असं का लिहीत नाही?"

कारण एरिया कमी करून खर्च १० टक्के कमी होतच नाही ना. १० बाय १० मीटरचं घर साडेनऊ बाय साडेनऊ केलं तर एरिया १०० वरून साधारण ९० चौरस मीटरवर येतो, पण बाहेरची भिंत ४० मीटरची फक्त ३८ होते, म्हणजे ५ टक्केच कमी, आणि बाथरूम, ओटा, जिना, दारं-खिडक्या तेवढ्याच राहतात, आणि पैसा तिथेच जास्त जातो. स्वस्तातला भाग कापला जातो, महागडा तसाच.

मी असं पत्र लिहितो तेव्हा अख्खी वस्तूच काढायला सुचवतो, एक बाथरूम किंवा गच्चीवरची खोली, आणि प्रत्येकीपुढे किती वाचेल तो आकडा, नाहीतर वाढीव रक्कम मंजूर करा. शिवाय तारीख टाकतो, कारण स्ट्रक्चरल ड्रॉइंग निघाल्यावर खोली काढली की कॉलम-बीमचं डिझाइन परत करावं लागतं आणि वाचलेल्यातला काही भाग त्या फीमध्ये जातो (हे एकदा लिहायला विसरलो, क्लायंट अजून ऐकवतो).