उत्पादन बंद झालेली इकोस्पोर्ट घ्यावी का? पार्ट्स, रिसेल, सॉफ्टवेअरचं काय?

कोथरूडकर_७: २०१९ ची डिझेल इकोस्पोर्ट बघून आलोय, गाडी मस्त आहे पण फोर्डने २०२१ लाच इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरचे नको म्हणतायत. तुम्ही घ्याल का?

घाटातला_डिझेल: डोळे झाकून घे. कायद्याने कंपनीला दहा वर्षं पार्ट्स द्यावेच लागतात. आणि रिसेलचं काय घेऊन बसलास, मुळात स्वस्तात मिळतेय ना.

ग्रीसचे_हात: कायदा कुठला ते दाखव राव, सर्व्हिस चालू ठेवू हा शब्द फोर्डने जाताना स्वतः दिलाय. फिल्टर, ब्रेक पॅडचं टेन्शन नाही, हेच १.५ डिझेल इंजिन फिगो-अस्पायरमध्येही होतं. अडतं ते हेडलॅम्प, बंपर, मागचा दरवाजा असल्या त्याच मॉडेलच्या पार्ट्सना, आणि धडक बसली की नेमकं तेच फुटतं.

त्यात इन्शुरन्सचा घोळ कुणी बघतच नाही. कंपनीने बंद केलेल्या मॉडेलची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या घसाऱ्याने निघत नाही, तुमच्यात आणि विमा कंपनीत जमेल तो आकडा. समजा प्रीमियम वाचवायला साडेचार लाख लावलीस, तर रिपेअरचं बिल ७५ टक्क्यांच्या म्हणजे ३ लाख ३७ हजार ५०० च्या वर गेलं की गाडी टोटल लॉस धरतात. पार्ट्स महाग, आयडीव्ही कमी, म्हणजे दुरुस्त होण्यासारखी गाडीही भंगारात जाऊ शकते. पॉलिसी घेताना आकड्यावर भांड.

सासवडची_ताई: माझी दुसऱ्या कंपनीची बंद झालेली हॅचबॅक, मागचा दिवा यायला महिने लागले शेवटी भंगारवाल्याकडून आणला. विकायला काढली तर डीलर म्हणतो "मॅडम, गिऱ्हाईक नाही". तुम्ही नवीनच घेताय का? मग नका घेऊ.

कोथरूडकर_७: नवीन नाही हो ताई, सेकंडहँड. आणि स्क्रीन, चावी वगैरेचं काय?

ग्रीसचे_हात: स्क्रीनचा मॅप जुना झाला तर मोबाईल लाव, विषय संपला. खरी अडचण कंट्रोल मॉड्यूल बदलला की येते, भंगारातला आणून नुसता जोडला की चालेलच असं नाही, गाडीला जुळवून प्रोग्रॅम करावा लागतो. फॉरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून बरंच जमतं, पण ते येणारा माणूस गावात हवा. दोन्ही चाव्या आहेत का ते आधी बघ, एकच असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून काप.

घाटातला_डिझेल: म्हणजे घेऊच नको असंच म्हणतोयस की!

ग्रीसचे_हात: नाही. पाच-सहा वर्षं वापरणार असेल आणि फोर्डचा जुना मेकॅनिक जवळ असेल तर घे. दोन वर्षांत विकायची असेल तर तू स्वस्तात घेतलीस तसं पुढचा तुझ्याकडून आणखी स्वस्तात मागणार.

कोथरूडकर_७: दुसरी चावी मालक "शोधतो" म्हणालाय, आता तीन दिवस फोन उचलत नाहीये 😅