अनुभव धागा: वरच्या मजल्यावरची एकटी आजी आणि 45 अंशांचा मे

वऱ्हाडची लेक
विदर्भातलं तीन मजली जुनं घर, सगळ्यात वर स्लॅबखाली एकट्या राहणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. मुलं परगावी. खिडकीत कूलर आहे, तरी रात्री खोली भट्टीसारखी तापते. रोज फोन केला की "मी बरी आहे गं" एवढंच. शेजाऱ्यांनी नेमकं काय बघायचं? "पाणी पीत जा" एवढंच सांगू नका, ते त्यांना पाठ आहे.

खसवाला
आधी तो कूलर बघा. नव्वद टक्के घरांत चूक एकच असते: "गार हवा बाहेर जाऊ नये" म्हणून दार-खिडक्या लावून घेतलेल्या. कूलर म्हणजे एसी नव्हे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या खसमधून ओढतो, आणि जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला वाट लागते. खोली बंद असेल तर तासाभरात हवा दमट होते, खसवरचं पाणी उडेनासं होतं आणि घामही वाळत नाही.

हिशोब असा. बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर पाणी उडून हवा जास्तीत जास्त 24 अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला ओला खस त्यातली पाचातली चार हिस्से वाट काढतो, म्हणून जाळीतून साधारण 28 अंशांची हवा मिळते. हे फुकटातलं मोठं काम आहे. पण हाच कूलर बंद खोलीतली वापरलेली हवा फिरवत बसला की हा फायदा संपतो.

कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा आणि तिथे कागदाची पट्टी धरा. पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडली तर ठीक. लोंबकळत राहिली तर वाट कमी आहे, अजून उघडा.

दुसरं म्हणजे खस. बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरा थर बसतो आणि पाणी एका बाजूनेच ओघळतं. हाताने चाचपून बघा, जिथे कोरडा लागेल तिथून गरम हवाच आत येते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या. डेंग्यूच्या डासाचीही तीच आवडती जागा.

दापोलीकर
आम्ही इथे कोकणात कूलर घेतला आणि हात पोळले. चार दिवसांत चादरीसुद्धा ओल्या लागायला लागल्या. कंपनीचा दोष की आमचा?

खसवाला
दोघांचाही नाही, हवेचा आहे. तुमच्याकडे 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर हवा 29 च्या खाली उतरणारच नाही. तिथे पंखा बरा.

तारवाला
कूलरबद्दल आणखी एक, आणि हे आजींना आधी सांगा: प्लग काढल्याशिवाय टाकीत बादली ओतायची नाही. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला जुना सॉकेट असा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कूलर चालू करू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, वीज गळली की तुटणारा ब्रेकर बसवा.

भाऊसाहेब अकोला
लक्षण सोपं आहे बापा. घाम यायचा थांबला, अंग कोरडं ठक्क झालं की उष्माघात. घाम येतो आहे तोवर घाबरायचं कारण नाही. तापाची गोळी द्यावी आणि ओली रजई पांघरावी.

सिस्टर, नाइट ड्यूटी
भाऊसाहेब, पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, बाकीचं धोक्याचं. म्हाताऱ्या माणसांत अंग कोरडं आणि तापलेलं असतं हे खरं, पण घाम येत असतानाही उष्माघात होतो, विशेषतः उन्हात काम करणाऱ्यांना. घामापेक्षा डोकं बघा. जीभ जड होणं, उत्तर भलतंच देणं, झोपेत असल्यासारखं वागणं, उगाच चिडणं, चालताना झोक जाणं, फिट येणं. अंग तापलेलं आणि वागणं बदललेलं, एवढं पुरे. शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं, पण काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो. त्यावर 101 फॅरनहाइटच दिसलं म्हणून थांबू नका.

तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नाही. उलट लिव्हरवर भार. रजई तर नकोच. जाड कापड ओलं करून टाकून ठेवलं की ते दहा मिनिटांत अंगाच्याच उष्णतेनं गरम होतं आणि वारा अडवतं.

करायचं ते असं. एकाने 108 ला फोन, दुसऱ्याने त्याच क्षणी थंड करणं सुरू. गाडी येईपर्यंत वाट बघायची नाही. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, माठातलं किंवा नळाचं पाणी सगळ्या अंगावर ओता आणि पुठ्ठ्याने, पंख्याने जोरात वारा घाला. कातडी सुकली की पुन्हा ओतायचं. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मान, काखा, जांघा. "सर्द-गरम होईल" म्हणून कुणी अडवेल, ऐकू नका. पहिला अर्धा तास फार मोलाचा आहे. गाडीतही ओलं करत जा. शुद्ध हरपलेली किंवा गोंधळलेली असेल तर तोंडात पाणी, पन्हं, साखर काही नाही, कुशीवर वळवा.

प्राजक्त
माझ्या आईला रक्तदाबाची आणि लघवी होण्याची गोळी आहे. उन्हाळ्यात बंद करू का?

सिस्टर, नाइट ड्यूटी
स्वतःहून नाही. त्या गोळीने पाणी कमी होतं हे खरं, पण एप्रिल संपण्याआधी डॉक्टरांना विचारा, डोस तेच बदलतील. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. आणि ओआरएसच्या पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने घालणं ही नेहमीची चूक.

मूळ प्रश्नाकडे येते. "कशा आहात?" विचाराल तर "बरी" हेच उत्तर येणार. म्हाताऱ्यांना तहानच कमी लागते, त्या खोटं बोलत नसतात. विचारा: "आज काय खाल्लंत? सकाळपासून लघवीला कितीदा गेलात?" दुपारपर्यंत एकदाही नाही, किंवा रंग गडद, तर पाणी कमी पडलंय. बोलण्यात रोजच्यापेक्षा अडखळत असतील तर जिना चढून जा. शक्यतो रोज दोन फेऱ्या: एक दुपारी तीन-चारला, दुसरी रात्री नऊ-दहाला.

गच्चीचा माणूस
रात्रीची फेरी मुद्दाम सांगितलीय ते बरं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते आत सोडतो रात्री. बाहेर हवा उतरते तरी खोली तापलेली राहते. साधा भिंतीवरचा थर्मामीटर पलंगाच्या उंचीला लावा, बातम्यांतला आकडा त्या खोलीचा नसतो. आणि गच्ची पांढरी करा. विझवलेला चुना, त्यात थोडा पांढरा गोंद, गच्ची आधी झाडून धुऊन, फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हात. धूळ बसली की काळवंडते आणि पावसात वाहून जाते, म्हणजे दर वर्षी करावं लागतं. ते जमत नसेल तर हिरवी जाळी, पण स्लॅबला चिकटवून नको, चार फूट वर, खालून वारा जाईल अशी.

भाऊसाहेब अकोला
आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतो. फरक पडतो.

गच्चीचा माणूस
पडतो, पण टँकरच्या गावात रोज ते पाणी कुठून आणायचं? शिवाय जुन्या स्लॅबला भेग असेल तर छत गळायला लागतं.

भाऊसाहेब अकोला
तुम्ही चुना लावा, आम्ही पाणी मारतो. जूनमध्ये बोलू.

वऱ्हाडची लेक
कागदाची पट्टी लावून पाहिली. लोंबकळतेय. खिडकी रात्री उघडी ठेवायला आजी तयार नाहीत, मागच्या गल्लीत चोऱ्या होतात म्हणून. लोखंडी जाळी बसवायची तर घरमालक हो म्हणत नाही. यावर कुणाकडे काही आहे का?