शब्दचर्चा: सुपरवायझर हा ‘कामगार’ की नाही?

वडगावकर
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत माझे मोठे बंधू अकरा वर्षं कामाला होते. मोल्डर म्हणून लागले, वाळूचे साचे करायला. तीन वर्षांपूर्वी त्यांना ‘शिफ्ट सुपरवायझर’ केल्याचं पत्र मिळालं. गेल्या महिन्यात नोटिशीऐवजी एका महिन्याचा पगार देऊन ‘आपल्या सेवेची गरज नाही’ म्हणून घरी पाठवलं. पत्र कन्नडमध्ये आहे, त्यात त्यांना ‘मेल्विचारक’ म्हटलंय. मालकांचं म्हणणं असं की मेल्विचारक हा ‘कार्मिक’ नव्हे, तेव्हा लेबर ऑफिसात जाऊन उपयोग नाही. आपल्याकडे मराठीत कार्मिक विभाग म्हणजे नेमणुका आणि रजा बघणारं ऑफिस. इथं नेमका अर्थ काय घ्यायचा?

शहापूरचा शिक्षक
कन्नडमध्ये कार्मिक म्हणजे कामगारच. ‘कार्मिक इलाखे’ म्हणजे कामगार खातं. मराठी अर्थ तिथं लावू नका. ‘नौकर’ हा शब्दही तसाच. कन्नडमध्ये सरकारी नौकर म्हणजे सन्मानाचा कर्मचारी, आणि आपण कुणाला नोकर म्हटलं तर तो रागावेल. मेल्विचारक म्हणजे देखरेख करणारा. पत्रातल्या भाषेत चूक काही नाही.

चिक्कोडीकर
शब्द काहीही असू दे की. पगार किती तेवढंच बघायचं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत 18,000 ची मर्यादा आहे. त्याच्या वर पगार गेला की माणूस कामगार राहत नाही. आमच्या साखर कारखान्यात सगळ्यांना हेच सांगतात.

टिळकवाडीतले वकील
चिक्कोडीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच बरीच माणसं हक्क सोडून घरी बसतात. 18,000 ची मर्यादा सगळ्यांना नाही. जो मुख्यतः देखरेखीचं काम करतो, त्याच्यापुरतीच ती आहे. हातकाम, तांत्रिक काम किंवा कारकुनी करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. चाळीस हजार घेणारा मोल्डरही कामगारच. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात रचना हीच होती, आकडा शेवटी 10,000 होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तो 18,000 झाला. ज्याचं काम मुख्यतः व्यवस्थापनाचं किंवा प्रशासनाचं, तो मात्र पगार कितीही कमी असला तरी बाहेर.

म्हणून वडगावकर, आधी तुमच्या भावाचा दिवस सांगा. सकाळी शेडमध्ये शिरल्यापासून काय करायचे?

वडगावकर
पाळीला सहा हेल्पर असायचे. वाळूचा ओलावा तपासणं, कोअर नीट बसलाय का बघणं, मोठा साचा असला की स्वतः रॅमिंग करणं, ओतकामाच्या वेळी लाडलपाशी थांबणं, मग रजिस्टर भरणं. हजेरी तेच मांडायचे. पगार सगळा मिळून 26,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता 20,800.

टिळकवाडीतले वकील
मग पगाराने तुम्ही मर्यादेच्या वर आहात. सगळा खटला एकाच मुद्द्यावर उभा राहील: त्यांचं मुख्य काम साचा की माणसं? सुप्रीम कोर्टाने 1985 मध्ये अर्कल गोविंद राज राव यांच्या खटल्यात हीच कसोटी लावली. त्या गृहस्थांकडे थोडी देखरेख होती, पण मूळ काम कारकुनी होतं, म्हणून ते कामगार ठरले. उलट 1994 मध्ये एस. के. मैनी यांच्या खटल्यात चपलांच्या दुकानाचा मॅनेजर कामगार ठरला नाही, कारण दुकान खरोखर त्याच्या ताब्यात होतं. दोन्हीकडे कोर्टाने हुद्द्याच्या आत शिरून काम बघितलं.

तुमच्या भावाला उलटतपासणीत विचारतील: हेल्परची रजा कोण मंजूर करायचं? मेमो कोण द्यायचं? कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कोण ठरवायचं? हजेरी मांडणं म्हणजे नोंद ठेवणं झालं, त्याने कुणी साहेब होत नाही. रजेवर शिफारशीची सही असेल आणि मंजुरी वरून येत असेल, तरी बाजू टिकते. आणि एक लक्षात ठेवा, आपण कामगार आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी भावावर आहे, मालकावर नाही.

निपाणीकर ताई
म्हणजे मॅनेजरला काहीच मिळत नाही ना? मी एका पतसंस्थेत आठ वर्षं शाखा मॅनेजर होते. राजीनामा दिला तेव्हा ग्रॅच्युइटी मागितली, तर ‘तुम्ही स्टाफ नव्हे, मॅनेजमेंट’ असं उत्तर मिळालं. संस्थेत तीसएक माणसं आहेत. मी गप्प बसले.

टिळकवाडीतले वकील
ताई, तुम्हाला चुकीचं सांगितलं. वडगावकरांचा प्रश्न नोकरीवरून काढण्याचा आहे, तिथं कामगार असणं लागतं. ग्रॅच्युइटीला ते लागत नाही. ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या कायद्यात मॅनेजरही बसत होता, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापनाचं काम करणाराही स्पष्ट धरलेला आहे. दहा माणसांची आस्थापना आणि पाच वर्षांची सलग नोकरी असली की राजीनामा दिला तरी ती मिळते. तुम्ही मागणी लेखी करा, पोच घ्या.

वडगावकर, तुमच्या भावालाही हेच लागू. 20,800 ला 26 ने भागलं की रोजचे 800. पंधरा दिवसांचे 12,000, गुणिले अकरा, म्हणजे 1,32,000. मोल्डर म्हणा, सुपरवायझर म्हणा, ही रक्कम द्यावीच लागेल. हुद्द्याने फरक पडतो तो बाकीच्या गोष्टींत. कामगार ठरले तर नोकरकपातीची भरपाई, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि ती न देता काढलं म्हणून परत कामावर घेण्याची मागणीही करता येते. कामगार नाही ठरले तर दिवाणी कोर्ट. तिथं बहुधा करारातल्या नोटिशीच्या मुदतीइतका पगार मिळतो, नोकरी परत मिळत नाही.

चिक्कोडीकर
बरं, माझं मी मागे घेतो. पण मग कारखान्याच्या ओव्हरटाइमलाही हीच व्याख्या का?

टिळकवाडीतले वकील
नाही, तो वेगळा विषय आहे, इथं गुंता नको.

वडगावकर
काका, काल भावाची फाइल काढली. रजेच्या अर्जांवर ‘शिफारस’ लिहून सही आहे, मंजुरी वर्क्स मॅनेजरची. पण दोन हेल्परना दिलेल्या मेमोंवर खाली भावाचीच सही आहे. म्हणतात, ऑफिसातून टाइप करून आले, मी फक्त सही केली.

टिळकवाडीतले वकील
ते मेमो विरुद्ध बाजू आधी दाखवणार, त्यामुळे आपणच दाखवलेलं बरं. ते कुणी टाइप केले, आधी फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर कुणाचा निरोप आला, हे शोधा. त्या दोन हेल्परपैकी एखादा साक्षीला येईल का बघा. दोन मेमोंवरून अकरा वर्षांचं काम ठरत नाही असं मी मांडेन. न्यायाधीशांना पटेल असं आज सांगता येणार नाही.

तोवर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. 45 दिवसांत तडजोड नाही झाली तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत ते व्हायला हवं. पूर्वी तीन वर्षं होती, त्या हिशोबावर राहू नका. अर्जात ‘सुपरवायझर म्हणून काम करत होतो’ एवढंच लिहू नका. ‘हुद्दा सुपरवायझर, प्रत्यक्ष काम मोल्डिंगचं’ असं लिहा आणि कामाचा दिवस तपशीलवार मांडा.

शहापूरचा शिक्षक
अर्ज कन्नडमध्ये लागला तर मला पाठवा, मी लिहून देतो. ‘मेल्विचारक’ हा शब्द त्यात हुद्द्यापुरताच ठेवू.