सोसायटीची मेल बंद पडली: क्लाउडची जागा विकत घ्यायची का?

मुकुंद काका (सेक्रेटरी): सगळ्यांना नमस्कार. लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्यांचा आत्ता फोन आला. करारनामा पाठवला होता, पण मेल त्यांच्याकडे परत गेली. परतीच्या मेलवर लिहिलंय: The recipient's inbox is out of storage space. सोसायटीच्या अकाउंटचे १५ जीबी पूर्ण भरलेत. या आठवड्यात आणखी कुणाच्या मेल परत गेल्या असतील ते कळायला मार्ग नाही. काय करायचं ते आजच ठरवू या.

मीनल (खजिनदार, ए-३०२): काका, मी भाव काढून ठेवलेत. गूगल वनचे वर्षाचे प्लॅन असे: १०० जीबी १३०० रुपये, २०० जीबी २१०० आणि २ टीबी ६५०० रुपये. टीबीमागे हिशेब केला तर १०० जीबीवाला १३,००० ला पडतो, २०० जीबीवाला १०,५०० ला, आणि २ टीबीवाला फक्त ३,२५० ला. म्हणजे मोठा घेतला की चौपट स्वस्त. एकदाच २ टीबी घेऊन टाकू, म्हणजे हा प्रश्न पुन्हा यायचा नाही.

शैला काकू (बी-१०१): मीनल म्हणते ते पटतं. किराणा भरतानाही मोठं पाकीटच परवडतं.

अनिरुद्ध (सी-४०१): काकू, मोठं पाकीट आणलं की ते संपेपर्यंत पुरतं. इथे भाडं आहे. रिकामी राहिलेली जागा पुढच्या वर्षी वापरायला मिळत नाही, तिचे पैसे परत भरावे लागतात. म्हणून आधी आपण किती भरतो ते बघायला हवं. काका, one.google.com/storage वर जाऊन कशाने किती जागा खाल्लीय ते सांगता का?

मुकुंद काका: फोटो ११.४ जीबी, ड्राइव्ह २.१, जीमेल १.५.

अनिरुद्ध: बघा, म्हणजे सोसायटीचं खरं काम, पावत्या, मीटिंगचे वृत्तांत, ऑडिटचे कागद आणि मेल, सगळं मिळून ३.६ जीबी आहे. बाकी सगळे गणपतीचे आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे व्हिडिओ. ऑफिसच्या फोनवर हेच अकाउंट आहे आणि त्या फोनचा बॅकअप चालू आहे, म्हणून ते आपोआप तिथे जाऊन बसलेत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांना मिळून १५ जीबी मिळतात. त्यामुळे व्हिडिओंनी जागा भरली की मेल येणं थांबतं.

मीनल: दर वर्षी किती वाढतं?

अनिरुद्ध: तारखांवरून पाहिलं तर वर्षाला साधारण ५ जीबी. या वेगाने २ टीबी भरायला ४०० वर्षं लागतील. मीनल, तुझा टीबीमागचा हिशेब चुकीचा नाही, पण तो जागा भरणाऱ्यासाठी आहे. आपला सगळा माल पुढच्या वर्षी २० जीबी होईल. तो १०० जीबीत ठेवला काय किंवा २ टीबीत ठेवला काय, माल तेवढाच. मग बघायचं ते वर्षाचं बिल: १३०० की ६५००. ३६ फ्लॅटांत १३०० म्हणजे घरामागे ३६ रुपये.

तन्मय (सी-१०२): दादा, मग २ टीबी कुणी घ्यावा? मी लग्नाची शूटिंग करतो, माझ्याकडे १.२ टीबी आहे.

अनिरुद्ध: तूच घ्यावास. २०० जीबीच्या पुढे गेलेल्याला २ टीबीचा प्लॅन हिशेबात बसतो. तुला भरलेल्या टीबीमागे साधारण ५,४०० पडतील आणि ती जागा तू खरंच वापरशील. घरचे पाच जणही त्यात जोडता येतात. जागा वाटली जाते, पण एकमेकांच्या फायली दिसत नाहीत.

शैला काकू: आमच्या घरी २०० जीबीचा प्लॅन आहे. सोसायटीचं अकाउंट त्यातच जोडून घेऊ का? उगाच खर्च कशाला?

अनिरुद्ध: काकू, तुमचा मोठेपणा, पण ते नको. तो तुमचा फॅमिली ग्रुप आहे, आणि एक अकाउंट एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहू शकतं. बदलायचं म्हटलं तर बारा महिन्यांत एकदाच. उद्या तुमच्या घरचा प्लॅन बंद झाला तर सोसायटीची मेलही अडकेल.

त्यावरूनच माझं म्हणणं असं की मेलवालं अकाउंट फुकटच्या १५ जीबीतच राहू द्यावं. पैसे भरून जागा वाढवली की नूतनीकरण कुणाच्या तरी कार्डावर असतं. कमिटी बदलली, कार्डाची मुदत संपली, की प्लॅन गेला, आणि वापर १५ च्या वर असेल तर मेल पुन्हा बंद. ३.६ जीबीवर ही भीतीच नाही. व्हिडिओंसाठी सोसायटीच्या नावाने दुसरं अकाउंट काढावं.

मीनल: त्यालाही १५ जीबी फुकट मिळतात ना? मग १३०० तरी का भरायचे?

अनिरुद्ध: आज ११.४ आहे, यंदाचा गणपती झाला की १६ च्या वर जाईल. नवं अकाउंट काढून दोन-तीन महिने फुकट वापरता येईल, पण गणपतीआधी १०० जीबी घ्यावा लागेल. तिथे प्लॅन चुकून संपला तरी फक्त नवे व्हिडिओ चढणं थांबेल, लगेच काही पुसलं जात नाही. मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलं तर मात्र ते काढून टाकू शकतात.

मुकुंद काका: मेल तर आज चालू व्हायला हवी. मी फोनवरच्या फोटो ॲपमध्ये जाऊन ‘जागा मोकळी करा’ दाबू का?

अनिरुद्ध: काका, थांबा! त्याने फोनमधली प्रत जाते, क्लाउडवर एक एमबीही कमी होत नाही. बरेच जण इथेच फसतात. आज एवढंच करा: जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका.

```
has:attachment larger:10M
```

जुनी मोठी कोटेशनं आणि जाहिराती सापडतील. नको त्या काढा आणि मग ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधल्या मेल ३० दिवस जागा अडवून बसतात. थोडी जागा झाली की मेल यायला लागेल.

व्हिडिओ मात्र घाईने काढू नका. आधी takeout.google.com वरून फक्त गूगल फोटो निवडून डाउनलोड करू. २ जीबीचे तुकडे ठेवले तर सहा झिप फायली येतील. लिंक काही दिवसांतच संपते, त्यामुळे सहाही एकाच बैठकीत उतरवायच्या. एक राहिली तर मधले महिनेच गायब होतात आणि ते लगेच लक्षात येत नाही. प्रत्येक झिप उघडून दोन-तीन व्हिडिओ चालवून बघायचे, ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर ठेवायचे, नव्या अकाउंटवर चढवायचे आणि मगच जुन्यातून काढायचे. पण त्याआधी ऑफिसच्या फोनचा बॅकअप बंद करा. नाहीतर फोनवरच्या प्रती जुन्याच अकाउंटवर परत चढतील.

शैला काकू: झांकीचे व्हिडिओ फार सुंदर आलेत, ते तरी सांभाळा रे.

अनिरुद्ध: म्हणूनच डिस्क आणि क्लाउड दोन्ही, काकू. चढवताना ‘स्टोरेज सेव्हर’ ठेवू. ४के व्हिडिओ १०८० वर येईल, टीव्हीवर पाहायला ते पुरतं, आणि जागा बरीच वाचते. मूळ प्रत डिस्कवर राहीलच.

मुकुंद काका: मोठ्या मेल काढल्या, ट्रॅशही रिकामा केला. ६०० एमबी सुटले. लिफ्टवाल्यांना पुन्हा पाठवायला सांगितलंय.

मीनल: नव्या अकाउंटचं नाव आणि पासवर्ड कमिटीच्या नोंदवहीत लिहून ठेवते. रिकव्हरी नंबर काकांचा आणि माझा असे दोन टाकू. १३०० रुपये गणपती फंडातून जातील, त्याला कुणाची हरकत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

तन्मय: डाउनलोडचं काम माझ्याकडे द्या, माझ्याकडे नेट चांगलं आहे. शनिवारी सकाळी डिस्क घेऊन ऑफिसात येतो.

मुकुंद काका: करारनामा आला!