बँकेने आयटीआरची पावती परत केली, आता काय करू?

गिरणवाला_सातारा
गिरणी आणि मसाल्याचं छोटं दुकान आहे. घरकर्जासाठी बँकेत आयटीआरची पावती दिली, तर साहेब म्हणाले, "ही पावती नाही, हा फॉर्म आहे." रिटर्न १० सप्टेंबर २०२५ ला भरलंय, उत्पन्न ४,६०,०००. भरून देणाऱ्याने ५०० रुपये घेऊन एक कागद हातात दिला होता. आज ६ डिसेंबर. फेब्रुवारीत मुलाकडे जर्मनीला जायचंय, व्हिसालाही हाच कागद लावणार होतो. कोणी सांगेल का?

पगारदार_माणूस
फॉर्म १६ द्या की. मला तेवढ्यावर कार लोन मिळालं.

गिरणवाला_सातारा
दादा, माझी स्वतःची गिरणी आहे. मला फॉर्म १६ कोण देणार?

मंगेश_पुणे
सीएचा शिक्का मारून घ्या. शिक्का नसला की परत करतात, माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं.

स्वाती_कर_सल्ला
शिक्क्याचा प्रश्न नाही, मंगेश. पावती संगणकावरच तयार होते, तिच्यावर सीएची सही लागत नाही. तुमच्या मेव्हण्याकडे बहुधा उत्पन्नाचा हिशेब किंवा ताळेबंद मागितला असेल, त्यावर धंदेवाल्यांकडून बँका सही-शिक्का मागतात.

काका, कागदाचं शीर्षक वाचा. "Verification Form" आहे की "Acknowledgement"?

गिरणवाला_सातारा
Indian Income Tax Return Verification Form.

स्वाती_कर_सल्ला
मग रिटर्न नुसतं अपलोड झालंय, पडताळणी राहिलीय. भरल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने ई-व्हेरिफाय करायचं असतं, नाहीतर सही केलेला कागद बंगळुरूच्या सीपीसीला पाठवायचा. तुमची मुदत १० ऑक्टोबरलाच गेली. खात्याच्या लेखी तुम्ही अजून रिटर्न भरलेलंच नाही, म्हणून बँकेने बरोबर केलं.

incometax.gov.in वर लॉगिन करा आणि e-File मध्ये View Filed Returns बघा. तिथे पडताळणी बाकी असल्याचं दिसेल. आधार ओटीपीने पूर्ण करा, उशिराचं कारण विचारेल ते लिहा. आता पडताळणीचा दिवस हाच भरल्याचा दिवस धरला जाईल, म्हणजे रिटर्न उशिराचं ठरेल. पाच लाखांच्या आत उत्पन्न असल्याने उशिराचं शुल्क १,००० रुपये लागू शकतं. मात्र ३१ डिसेंबरच्या आत उरका, नंतर गुंता वाढतो.

झालं की तिथूनच नवीन पावती उतरवा. शीर्षक बदललेलं असेल.

कोकणातला_राजू
पावतीवर खाली बारकोड असतो ना? बँक तो स्कॅन करून खरी-खोटी ओळखते. एवढं कशाला?

स्वाती_कर_सल्ला
बारकोडही छापीलच असतो हो, कागदावर जे आहे तेच आत. खोटा कागद करणारा तोही छापेल.

त्यापेक्षा पंधरा आकडी पावती क्रमांक बघा. त्याचे शेवटचे सहा आकडे म्हणजे भरल्याची तारीख. काकांच्या क्रमांकाच्या शेवटी १००९२५ असायला हवं. कागदावरची तारीख वेगळी आणि हे आकडे वेगळे असले की मला शंका येते. तोच क्रमांक पोर्टलच्या पहिल्या पानावर ITR Status मध्ये टाकून, कोणत्याही चालू मोबाईलवर आलेला ओटीपी दिला की लॉगिन न करता स्थिती कळते.

फक्त तिथे स्थिती दिसते, उत्पन्न नाही. क्रमांक खरा ठेवून ४,६०,००० चे ९,६०,००० केले, तर हा मार्ग ते पकडणार नाही. म्हणून बँकवाले समोर लॉगिन करायला लावतात, किंवा १४३(१) ची सूचना मागतात. ती ईमेलवर येते. पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. त्यात खात्याने काढलेला आकडा असतो.

गिरणवाला_सातारा
झालं! ओटीपी आला, आता "Acknowledgement" आलंय. पण भरून देणाऱ्याने स्वतःचाच ईमेल टाकलाय. सूचना त्याच्याकडे जाईल?

स्वाती_कर_सल्ला
प्रोफाइलमध्ये जाऊन आजच ईमेल आणि मोबाईल दोन्ही बदला. सूचना लॉगिनमध्येही दिसते.

मंगेश_पुणे
पण व्हिसाला ४,६०,००० पुरेल का?

स्वाती_कर_सल्ला
ते मी सांगू शकत नाही. अधिकारी पावती एकटी बघत नाही, बँक स्टेटमेंटशी ताडून बघतो. काका, दुकानाची उलाढाल किती दाखवलीय?

गिरणवाला_सातारा
१८ लाख. पण खात्यात यूपीआयने आलेले २६ लाख आहेत. त्यात भावाचे पैसेही आले होते.

स्वाती_कर_सल्ला
मग त्या आठ लाखांचा हिशेब आधी तयार ठेवा. बँकेत हाच प्रश्न पहिला येईल. आणि त्यात विक्रीचे पैसे निघाले, तर सुधारित रिटर्नही ३१ डिसेंबरच्या आतच भरावं लागेल.