प्रकाशनपूर्व सवलतीच्या ईमेलमध्ये ‘शेवटची संधी’ लिहावे का?

ग्रंथसेवक: आमच्या लहान प्रकाशनसंस्थेचा ६०० पानी ग्रंथ येत आहे. किंमत ९०० रुपये, प्रकाशनपूर्व नोंदणी केल्यास ६०० रुपये, मुदत १० ऑक्टोबर. विक्री पाहणारे सहकारी ईमेलच्या विषयओळीत ‘त्वरा करा’, ‘शेवटची संधी’, ‘मोजक्याच प्रती शिल्लक’ असे शब्द हवेत म्हणतात. ते टाळून वाचकाला आजच नोंदणी करण्याचे कारण कसे द्यावे?

छपाईघर: ग्रंथ अजून छापलाच नसेल, तर ‘प्रती शिल्लक’ हे विधान सरळ खोटे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या विक्रीतंत्रांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतील १३ प्रकारांत खोटी निकड हा पहिलाच प्रकार आहे आणि त्या सूचना विक्रेत्यांनाही लागू आहेत.

खरे कारण तुमच्या छपाईतच आहे. ऑफसेट छपाईत प्लेट आणि यंत्राच्या जुळणीचा खर्च ३०० प्रतींना जवळपास तेवढाच येतो जेवढा १००० प्रतींना येतो. म्हणून आगाऊ नोंदणी जितकी अधिक, तितका दर प्रतीचा खर्च कमी, आणि पैसे आधी हाती आल्याने कागदही वेळेवर घेता येतो. सवलत यातूनच निघते, मग तेच वाचकाला सांगावे. विषयओळ अशी असू शकेल: ‘प्रकाशनपूर्व नोंदणी १० ऑक्टोबरपर्यंत, ११ तारखेला प्रतींची संख्या ठरणार’. मजकुरात लिहावे: ‘११ तारखेला आम्ही छापखान्याला प्रतींची संख्या कळवू. आगाऊ नोंदणीमुळे छपाईत जी बचत होते, तीच ३०० रुपयांच्या सवलतीच्या रूपाने आपल्याला देत आहोत. त्यानंतरही ग्रंथ मिळेल, मात्र ९०० रुपयांना.’ हे शेवटचे वाक्य विक्रीवाल्यांना खटकेल, पण माझ्या मते वाचक त्याच वाक्यामुळे आधीच्या तारखेवर विश्वास ठेवतो.

विक्रीप्रतिनिधी: हे वाचायला चांगले आहे, पण व्यवहार वेगळा आहे. बहुतेक नोंदणी शेवटच्या दोन दिवसांतच येते, हे प्रत्येक योजनेत दिसते. दबावाचे शब्द काढले, तर ती लाट येणार नाही आणि संस्थेचे नुकसान होईल.

छपाईघर: लाट येते हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु ती तारखेमुळे येते, विशेषणांमुळे येते असे त्यातून सिद्ध होत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी, ज्यांनी नोंदणी केलेली नाही अशांनाच, ‘आज रात्री १२ वाजता नोंदणी बंद होईल’ एवढे एकच पत्र पाठवावे. नोंदणी झालेल्यांना ते गेले, तर आपला व्यवहार पोहोचला की नाही या शंकेने तेच फोन करतात. खरा धोका पुढे आहे. ११ तारखेला ‘वाचकांच्या आग्रहास्तव मुदतवाढ’ असे पत्र गेले, की वेळेत पैसे भरणाऱ्याला आपण उगाच घाई केली असे वाटते. पुढच्या ग्रंथाच्या वेळी लोक पहिली तारीख उलटण्याची वाट पाहू लागले आणि नोंदणी मुदतवाढीतच गोळा होऊ लागली, तर तुमच्या तारखेची पत गेली असे समजावे. तक्रारींकडेही लक्ष ठेवावे. जीमेलवर दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याचा नियम २०२४ पासून आहे. तुमची यादी लहान असली, तरी चिडलेला वाचक तेच बटण दाबतो.

वर्गशिक्षिका: माझी अडचण थोडी वेगळी आहे. मी मोडी लिपीच्या वर्गाची ध्वनिचित्रफीत विकते. ती कधीही, कितीही जणांना देता येते. मग तारीख कुठून आणायची?

छपाईघर: चित्रफितीला मुदत नाही, तर ती लिहू नये. आपण विद्यार्थ्यांचे सरावाचे कागद स्वतः तपासत असाल आणि एका तुकडीत २५ जणांचेच तपासणे शक्य असेल, तर ती मर्यादा खरी आहे. मात्र २६ व्या व्यक्तीला नकार द्यावा लागेल. तसे काही नसेल, तर कारण वाचकाच्या बाजूने शोधावे. उदाहरणार्थ, एखाद्याला दिवाळीच्या सुट्टीत घरातली जुनी कागदपत्रे वाचायची असतील, तर सराव आतापासून हवा.

जुनाग्राहक: येथे एक गोष्ट सुटते आहे. मी ६०० रुपये आगाऊ भरतो, पाच महिने थांबतो आणि त्यानंतर ग्रंथप्रदर्शनात तोच ग्रंथ ६०० रुपयांनाच मांडलेला दिसतो. मग ‘त्यानंतर ९०० रुपयांना’ हे वाक्य खरे कसे म्हणायचे?

विक्रीप्रतिनिधी: प्रदर्शनातील सवलत अनेकदा विक्रेता स्वतःच्या कमिशनमधून देतो. त्यावर प्रकाशकाचे नियंत्रण नसते.

छपाईघर: तसे असेल, तर वाक्य ‘आमच्याकडे ९०० रुपयांना’ असे करावे. प्रकाशकाने स्वतःच्या गाळ्यावरही तोच दर लावला, तर मात्र मला बचाव दिसत नाही.

ग्रंथसेवक: प्रदर्शनाचा दर आम्ही अजून ठरवलेला नाही. तो ६०० च्या वर ठेवायचा, हे आधी सहकाऱ्यांकडून पक्के करून घेतो. ते तयार झाले नाहीत, तर पत्रातून ९०० चा उल्लेखच काढावा लागेल.