मदत हवी आहे: आठवडाभर गप्पा, मग एकदम तुटक. ताण की नकार?

मंडळी, विशेषतः सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप केलेल्यांनो, तुमचं मत हवंय. मला आवडणारी मुलगी अशाच ऑफिसात आहे. गणपतीच्या सुट्टीत ती आपणहून मेसेज करायची, रात्री उशिरापर्यंत बोलायची. आता फक्त ‘हो’ आणि ‘बघते’.

टॅक्स ऑडिट रिपोर्टची मुदत ३० सप्टेंबर, त्याआधी २० तारखेला जीएसटीआर-३बी. म्हणजे तो गोड आठवडाच अपवाद असेल आणि हे तिचं सप्टेंबरचं नेहमीचं वागणं असेल, अशी दाट शक्यता वाटते. घरचं आजारपण किंवा परीक्षेची धास्तीही असू शकते.

फरक ओळखायला मी दोन गोष्टी बघतोय. ती सगळ्यांशीच तुटक आहे की फक्त माझ्याशी? आमच्या मित्रांच्या ग्रुपवरही ती गप्प आहे, हे ताणाकडे बोट दाखवतं. दुसरं, उशिरा का होईना, ती स्वतःहून विषय पुढे नेते का? इथे उत्तर ‘नाही’ आहे, आणि तेच खटकतं.

‘माझं काही चुकलं का?’ असं विचारलं, तर दमलेल्या माणसावर मला समजावण्याचं काम पडेल, म्हणून ते टाळलंय. ‘ऑडिट आटोपलं की चहाला भेटू, उत्तराची घाई नाही’ असा एकच मेसेज पाठवून ऑक्टोबरचा पहिला आठवडा संपेपर्यंत थांबायचा विचार आहे.

मुदत संपल्यावर पूर्ववत व्हायला साधारण किती दिवस लागतात? आणि तोवर पूर्ण गप्प राहिलो, तर तिला मीच दुरावलो असं वाटेल का?